ईपीएसचे दोन आकडे

कंपनीच्या तिमाही निकालात करोत्तर नफ्याच्या खाली प्रति समभाग मिळकत, म्हणजे ईपीएस, दोनदा छापलेली असते: बेसिक आणि डायल्युटेड. बेसिक ईपीएस काढताना नफ्यातून प्रेफरन्स शेअरचा लाभांश वजा करतात आणि उरलेल्या रकमेला समभागांच्या संख्येने भागतात. ही संख्या वर्षअखेरची नसते. वर्षाच्या मध्यावर काढलेले समभाग निम्मेच धरले जातात, कारण त्यांचा पैसा कंपनीकडे तेवढाच काळ होता.

एक काल्पनिक कंपनी घेऊ. नफा 10 कोटी रुपये, समभाग 1 कोटी. म्हणून बेसिक ईपीएस 10 रुपये. कर्मचाऱ्यांकडे 10 लाख स्टॉक ऑप्शन आहेत. म्हणजे बाजारभाव काहीही असो, त्यांना समभाग 60 रुपयांना घेता येईल. वर्षाचा सरासरी बाजारभाव 100 रुपये आहे. सर्वांनी हक्क बजावला तर कंपनीला 6 कोटी रुपये मिळतील. त्या पैशात बाजारभावाने 6 लाख समभाग येतात, द्यावे मात्र लागतात 10 लाख. उरलेले 4 लाख जणू फुकट दिले गेले, आणि भारतीय लेखामानक इंड एएस 33 भाजकात तेवढेच मिळवायला सांगते. 10 कोटींना 1.04 कोटीने भागले की 9.62 रुपये येतात.

बाजारभाव 150 झाला तर त्याच 6 कोटींत 4 लाखच समभाग येतील आणि फुकटचे 6 लाख होतील. धंद्यात काहीही न बदलता, निव्वळ भाव चढल्याने डायल्युटेड ईपीएस उतरतो. भाव 60 च्या खाली असेल, तर ऑप्शन हिशेबात येतच नाहीत.

परिवर्तनीय कर्जरोख्यांत अंशही बदलतो. याच कंपनीने 5 कोटींचे 8 टक्के व्याजाचे रोखे काढले असून त्यांचे 5 लाख समभाग होऊ शकतात, असे समजू. रूपांतर झाले तर 40 लाखांचे व्याज वाचेल. 25 टक्के कर धरता नफा 30 लाखांनी वाढेल. म्हणजे प्रत्येक नव्या समभागामागे 6 रुपये. हा आकडा 9.62 पेक्षा कमी असल्याने सरासरी खाली ओढली जाते: 10.30 कोटी भागिले 1.09 कोटी, म्हणजे 9.45 रुपये.

रोख्यांचे 2 लाखच समभाग होणार असते, तर प्रत्येकामागे 15 रुपये आले असते आणि ईपीएस उलट वाढला असता. असे रोखे वगळायचे असतात, कारण डायल्युटेड आकडा भागधारकाला सर्वांत वाईट शक्यता दाखवण्यासाठी आहे. तोट्यातल्या कंपनीतही हेच होते. जास्त समभागांत वाटल्यावर प्रति समभाग तोटा कमी दिसतो, म्हणून तिथे दोन्ही आकडे बहुधा सारखेच छापले जातात. अशा कंपनीने किती ऑप्शन वाटले आहेत, हे ईपीएसवरून कळत नाही; त्यासाठी वार्षिक अहवालातील टिपाच उघडाव्या लागतात.