तीन घरांतला भागाकार

जीएसएम मोबाइलवर आवाज वीस-वीस मिलिसेकंदांच्या तुकड्यांनी जातो. मूळ फुल-रेट पद्धतीत अशा एका तुकड्याचे २६० बिट होतात. त्यांतले ५० फार नाजूक. ते बिघडले तर बोलण्याऐवजी खरखर ऐकू येते. म्हणून त्यांच्या मागे तीन तपासणी-बिट जोडलेले असतात. तुकडा ऐकवायचा, की टाकून देऊन आधीच्याच तुकड्यावर वेळ निभवायची, हे ठरवताना फोन या तपासणीवर भिस्त ठेवतो.

तपासणी म्हणजे चक्क भागाकार. भाजक १०११. यात हातचा नाही आणि उसनेही नाही: दोन अंक सारखे असले तर ०, वेगळे असले तर १. पीटरसन आणि ब्राउन यांनी १९६१ साली अशा संकेतांवर लिहिलेल्या लेखात हा भागाकार साध्या शिफ्ट रजिस्टरने होतो हे मांडले होते.

समजा, संदेश ११०१ आहे. पाठवणारा त्यापुढे तीन शून्ये ठेवून १०११ ने भागतो. बाकी उरते ००१. तीच शून्यांच्या जागी बसवून तो ११०१००१ पाठवतो.

घेणाऱ्याकडे तीन घरांचे रजिस्टर असते, सुरुवातीला ०००. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला सगळे बिट एक घर डावीकडे सरकतात, उजवीकडून नवा बिट आत येतो आणि डावीकडचा बाहेर पडतो. बाहेर पडलेला बिट ० असेल तर आणखी काही करायचे नाही. १ असेल तर उजवीकडच्या दोन्ही घरांतले बिट उलटायचे. भाजक एकदा वजा झाला.

पहिले तीन बिट १, १, ० आत गेले की रजिस्टर ००१, ०११, ११० असे बदलते. चौथा बिट १ येताना डावीकडून १ बाहेर पडतो. सरकून १०१ झालेले रजिस्टर दोन बिट उलटताच पुन्हा ११० होते. पुढच्या दोन शून्यांना १११ आणि १०१. शेवटचा १ आत आला की ०११, आणि उलटल्यावर ०००. बाकी शून्य, संदेश मान्य.

आता वाटेत तिसरा बिट उलटला आणि ११११००१ पोहोचला, तर रजिस्टर ००१, ०११, १११, १००, ०११, ११० असे जाऊन शेवटी पुन्हा ११० वरच थांबते. चूक पकडली गेली.

मात्र चुकांचा नमुना भाजकासारखाच पडला, तर तपासणी फसते. ११०१००१ मधले चौथा, सहावा आणि सातवा असे तीन बिट उलटले की ११०००१० मिळतो, आणि त्याचीही बाकी शून्यच येते. लांब संदेशात तर एकमेकांपासून बरोबर सात जागा दूर असलेल्या दोन चुकाही निसटतात, कारण हा भाजक दर सात पायऱ्यांनी त्याच बाक्या पुन्हा देतो.

सगळीच शून्ये आली तरीही बाकी शून्य. जीएसएमने यावर उपाय म्हणून तपासणी-बिटच असे ठरवले, की शुद्ध तुकड्याची बाकी ००० नव्हे, १११ यावी.