भरतीला उंची कमी पडते, पण ती थांबते कधी? समजून घ्या हाडांतल्या ‘ग्रोथ प्लेट’चे गणित

आखाडा बाळापूर परिसरात पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले-मुली दिसली, की ती पोलीस भरतीची तयारी करत आहेत हे कोणीही ओळखेल. धावण्याचा वेळ सरावाने कमी होतो, गोळा सरावाने लांब जातो. उंचीचे मात्र तसे नाही. पोलीस शिपाई पदासाठी पुरुषांना १६५ सेंटीमीटर आणि महिलांना १५५ सेंटीमीटर उंची लागते. राज्य राखीव पोलीस दलासाठी पुरुषांची अट १६८ सेंटीमीटर आहे. बारावीनंतर तयारीला लागलेल्या कित्येकांना एक-दोन सेंटीमीटर कमी पडत असल्याचे तेव्हा कुठे कळते. मग लटकण्याचे व्यायाम, पावडरी आणि गोळ्या सुरू होतात.

अडचण अशी, की भरतीचे वय अठराव्या वर्षी सुरू होते आणि हाडांची वाढ बहुतेकांच्या बाबतीत त्याआधीच संपलेली असते. मुलींची तर तीन-चार वर्षे आधी.

हाड नेमके वाढते कुठे?

मांडीचे किंवा नडगीचे हाड रबरासारखे सगळीकडून ताणले जात नाही. ते टोकांजवळ वाढते. लहान मुलाच्या प्रत्येक लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते. कूर्चा म्हणजे आपल्या कानाच्या पाळीच्या वर हाताला लागतो तसा लवचिक, पण हाडापेक्षा मऊ भाग. या चकतीला ‘ग्रोथ प्लेट’ म्हणतात.

या चकतीत पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचलेल्या असतात. सांध्याकडच्या बाजूला नव्या पेशी तयार होत राहतात. हाडाच्या मधल्या भागाकडे सरकताना त्या फुगून कित्येक पट मोठ्या होतात. शेवटी त्यांच्याभोवती कॅल्शियम साचते आणि त्या जागी खरे हाड तयार होते. एका बाजूने कूर्चा वाढते, दुसऱ्या बाजूने तिचे हाड होते. त्यामुळे चकतीची जाडी फारशी बदलत नाही, पण हाड लांब होत जाते.

सगळ्या चकत्या सारख्या वेगाने काम करत नाहीत. पायाच्या वाढीचा मोठा भाग गुडघ्याजवळ होतो. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ त्याच्या खालच्या टोकाकडून, म्हणजे गुडघ्याच्या वरच्या चकतीतून होते. म्हणूनच मुलाच्या गुडघ्याजवळचे फ्रॅक्चर हलके घेऊ नये. त्या चकतीला इजा झाली, तर पाय आखूड राहू शकतो किंवा वाकडा वाढू शकतो.

चकती बंद कशी होते?

वयात येताना आधी वाढीचा वेग वाढतो आणि मग चकती थकत जाते. नव्या पेशी कमी होतात, चकती पातळ होते आणि शेवटी दोन्ही बाजूंची हाडे एकमेकांना जुळतात. यालाच ‘फ्यूज होणे’ म्हणतात. एकदा हाड जुळले, की त्या जागी लांबी वाढत नाही.

हे काम करणारे मुख्य संप्रेरक आहे इस्ट्रोजेन. त्याला आपण बायकांचे हार्मोन समजतो, पण मुलांच्या शरीरातही पुरुषी हार्मोनचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि तेच त्यांच्या ग्रोथ प्लेट बंद करते. याचा ठळक पुरावा १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णाच्या अहवालातून मिळाला. त्या २८ वर्षांच्या पुरुषाच्या शरीरावर जन्मजात दोषामुळे इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. त्याची उंची २०४ सेंटीमीटर होती, हाडे १५ वर्षांच्या मुलासारखी होती आणि ग्रोथ प्लेट अजून उघड्या होत्या.

मुली वयात लवकर येतात, म्हणून त्यांच्या शरीरात इस्ट्रोजेन लवकर वाढते आणि चकत्याही लवकर बंद होतात. सातवीत वर्गातल्या मुली मुलांपेक्षा उंच दिसतात आणि दहावीपर्यंत चित्र उलटे होते, ते याचमुळे.

मुलींचे वय कोणते, मुलांचे कोणते?

सगळ्या चकत्या एकाच दिवशी बंद होत नाहीत, त्यांचा एक क्रम असतो. कोपर सर्वांत आधी जुळते. मुलींमध्ये साधारण १३ ते १५, मुलांमध्ये १५ ते १७ या वयात. उंचीसाठी महत्त्वाचे असलेले घोटा आणि गुडघा मुलींमध्ये १४ ते १६ आणि मुलांमध्ये १६ ते १८ या काळात जुळतात. मनगट त्यानंतर, मुलींमध्ये १६-१७ आणि मुलांमध्ये १८-१९ च्या आसपास. गळ्याच्या हाडाचे छातीकडचे टोक सर्वांत शेवटी, विशी ओलांडल्यावर जुळते. पण त्याचा उंचीशी संबंध नाही.

म्हणजे मनगटाची चकती थोडी उघडी दिसली, तरी पाय अजून वाढतीलच असे नाही. गुडघे जुळल्यानंतर पाठीच्या मणक्यांतून थोडीफार उंची वाढते, पण ती फार नसते.

मुलींसाठी घरच्या घरी कळणारी एक खूण आहे. पहिली पाळी येते तेव्हा उंची वाढण्याचा सर्वांत वेगाचा काळ मागे पडलेला असतो. त्यानंतर सरासरी ५ ते ७ सेंटीमीटर उंची वाढते, तीही मुख्यतः पुढच्या दोन वर्षांत. पाळी येऊन दोन-अडीच वर्षे झालेल्या आणि १५१ सेंटीमीटर उंची असलेल्या मुलीने १५५ ची आशा धरणे कठीण असते. तेव्हा ती कदाचित नववीत असते आणि भरतीचा अर्ज भरायला अजून तीन-चार वर्षे असतात.

वय सारखे, उंची सारखी, निकाल वेगळा

अकरावीतल्या दोन मुलांचे उदाहरण घेऊ. दोघांचे वय १६, दोघांची उंची १६० सेंटीमीटर. पहिल्याचा आवाज तेराव्या वर्षीच फुटला, मिशी चांगली दिसते आणि गेल्या वर्षभरात तो जेमतेम दीड सेंटीमीटर वाढला. दुसरा अजून लहान दिसतो, आवाज आत्ता कुठे बदलतो आहे आणि वर्षभरात तो ७ सेंटीमीटर वाढला.

डॉक्टर अशा वेळी डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढायला सांगतात. कूर्चा एक्स-रेमध्ये दिसत नाही, म्हणून उघडी ग्रोथ प्लेट दोन हाडांमधल्या काळ्या फटीसारखी दिसते. जुळलेल्या ठिकाणी फट नसते, फार तर एक बारीक पांढरी रेघ राहते. हा एक्स-रे वेगवेगळ्या वयांच्या नमुना चित्रांशी ताडून ‘हाडाचे वय’ ठरवले जाते.

पहिल्याचे हाडाचे वय १६ निघाले असे धरू. या टप्प्यावर मुलाची अंतिम उंचीच्या सुमारे ९८ टक्के उंची झालेली असते. १६० ला ०.९८ ने भागले, की उत्तर येते १६३. त्याचे १६५ होणे कठीण आहे. दुसऱ्याचे हाडाचे वय १४ निघाले, तर त्याची सुमारे ९२ टक्केच उंची झालेली आहे. तो १७० च्या पुढे जाऊ शकतो. हे अंदाज काही सेंटीमीटर इकडेतिकडे होतात, पण दोघांमधला फरक स्पष्ट आहे.

याला आई-वडिलांच्या उंचीचाही ताळा घेतात. दोघांच्या उंचीची बेरीज करायची, मुलासाठी त्यात १३ मिळवायचे, मुलीसाठी १३ वजा करायचे आणि निम्मे करायचे. वडील १६३ आणि आई १५० असेल, तर मुलाचा अंदाज १६३ आणि मुलीचा १५० येतो. बहुतेक मुले या आकड्याच्या आठ-एक सेंटीमीटर वर किंवा खाली राहतात.

कोर्टातही हाच एक्स-रे

हाडे जुळण्याचा क्रम वय ठरवायलाही वापरतात. २६/११ च्या खटल्यात एप्रिल २००९ मध्ये अजमल कसाब अल्पवयीन असल्याचा दावा झाला, तेव्हा मुंबईत त्याची वैद्यकीय तपासणी झाली आणि त्याचे वय २० पेक्षा जास्त असल्याचा निष्कर्ष निघाला. मात्र या पद्धतीने नेमकी जन्मतारीख कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच सांगितले, की अशा अंदाजात दोन वर्षांचा फरक दोन्ही बाजूंना पडू शकतो. त्यामुळे बाल न्याय कायद्यात आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, मग जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी असा क्रम आहे. वर दिलेली वयेही त्याच अर्थाने घ्यावीत. ती साधारण मर्यादा आहेत, प्रत्येकाला लागू होणारी तारीख नाही.

लटकून, पावडर खाऊन काय होते?

लटकल्याने मणक्यांमधल्या गाद्यांवरचा दाब थोडा वेळ कमी होतो. झोपून उठल्यावरही हेच होते, म्हणून सकाळची उंची संध्याकाळपेक्षा एखादा सेंटीमीटर जास्त भरते. दिवसभर उभे राहिल्यावर ती परत कमी होते. हाड त्यात वाढलेले नसते. जुळलेल्या हाडाला लांब करणारी पावडर किंवा गोळी नाही.

धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. काही मुले पंधराव्या-सोळाव्या वर्षी शरीर कमावण्यासाठी स्टेरॉइडची इंजेक्शने घेतात. त्यातल्या अनेक औषधांचे शरीरात इस्ट्रोजेन बनते आणि उघडी असलेली ग्रोथ प्लेट वेळेआधी बंद होते. छाती भरते, पण हातची उंची जाते. ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनेही चकती बंद झाल्यावर उंची वाढवत नाहीत, उलट हात, पाय आणि जबडा जाड होऊ शकतात.

डॉक्टरांकडे कधी जायचे?

भिंतीला टेकवून, अनवाणी, दर सहा महिन्यांनी आणि शक्यतो सकाळी उंची मोजून वहीत लिहावी. वयात येण्याआधी मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर वाढते. त्या वयात वाढ ४ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. थायरॉइड कमी असणे, आतड्याचा आजार, रक्तक्षय अशी काही कारणे उपचाराने सुधारतात, पण चकती उघडी असेपर्यंतच.

मुलगी आठ वर्षांच्या आत किंवा मुलगा नऊ वर्षांच्या आत वयात येऊ लागला, तर वाट पाहू नये. अशी मुले आधी उंच दिसतात, पण त्यांच्या चकत्या लवकर बंद होऊन ती शेवटी बुटकी राहतात. उलट, मुलीमध्ये तेराव्या आणि मुलामध्ये चौदाव्या वर्षापर्यंत वयात येण्याची एकही खूण दिसत नसेल, तरीही तपासणी करावी.

मोजलेली उंची पुण्यातील डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा सहभाग असलेल्या, भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या ५ ते १८ वर्षांच्या तक्त्यावर मांडता येते. खाकीचे स्वप्न असलेल्या घरात ही वही मुलीसाठी पाचवीत आणि मुलासाठी सातवीत सुरू झाली, तर काही बिघाड असल्यास तो वेळेत दिसेल. आणि बिघाड नसेल, फक्त उंचीच बेताची असेल, तर ज्या नोकऱ्यांना उंचीची अट नाही त्यांच्या तयारीला दोन-तीन वर्षे जास्त मिळतील.