शुक्रवारचे ४० आणि शनिवारचे ४९.५

पुण्यातल्या सदाशिव पेठेत संध्याकाळी अभ्यासिकांच्या बाहेर चहाच्या टपऱ्यांवर एकच प्रश्न फिरत असतो : ‘आज किती आले?’ सकाळी सोडवलेल्या सराव चाचणीचे गुण एव्हाना तपासून झालेले असतात. ज्याला ५३ मिळाले तो रात्री जोमाने पुस्तक उघडतो, ज्याला ४० मिळाले तो पुस्तकच बदलायचा विचार करू लागतो. दोघेही एका दिवसाच्या आकड्यावर नको तेवढी भिस्त ठेवत असतात. तो आकडा किती हलतो आणि कशामुळे हलतो, हे कळायला रोजची नोंद आणि आठवड्याचा गोषवारा, दोन्ही लागतात.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची गट-ब अराजपत्रित सेवांची संयुक्त पूर्व परीक्षाच उदाहरणाला घेऊ. पोलीस उपनिरीक्षक, राज्य कर निरीक्षक, सहायक कक्ष अधिकारी या पदांची वाट इथूनच जाते. १०० प्रश्न, १०० गुण आणि एक तास, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ३६ सेकंद. चुकीच्या प्रत्येक उत्तरामागे पाव गुण वजा होतो. हे गुण अंतिम यादीत धरले जात नाहीत, ते फक्त मुख्य परीक्षेचे दार उघडतात. त्यामुळे सारी धडपड कट ऑफच्या वर राहण्याची असते आणि तिथे दोन-तीन गुणांचाही फरक पडतो.

समजा, या परीक्षेची तयारी करणारी एक उमेदवार सोमवार ते शनिवार रोज एक पूर्ण चाचणी सोडवते. तिचे आठवड्याचे गुण असे आहेत : ४९, ४३.५, ४८.७५, ५३, ४० आणि ४९.५. गुरुवारी ती खुशीत होती, शुक्रवारी रडकुंडीला आली आणि शनिवारी पुन्हा सावरली. खरे तर या तीन दिवसांत तिच्या अभ्यासात काहीही बदललेले नसू शकते.

याचे कारण प्रश्नपत्रिकेच्या आत आहे. तिला साधारण ४५ प्रश्न पक्के वाटतात. आणखी २५ प्रश्नांत ती दोन पर्याय बाद करते आणि उरलेल्या दोनांत अडकते. पंधराएक प्रश्नांत निव्वळ तुक्का असतो. त्या मधल्या २५ प्रश्नांपुरते पाहिले, तर ती २५ वेळा नाणे उडवत असते. २५ वेळा नाणे उडवून कधी १० छाप येतात, कधी १५, आणि दोन्हींत नवल काही नाही. मात्र इथे दहा आणि पंधरा यांतला फरक सव्वासहा गुणांचा होतो, कारण बरोबरचे उत्तर चुकले की मिळणारा एक गुण जातो आणि वर पाव गुण कापला जातो. पक्के वाटणारे आणि तुक्क्याचे प्रश्नही थोडेफार हलतातच. सगळे मिळून, अभ्यास तोच असताना एका चाचणीचे गुण सरासरीच्या चार-पाच गुण वर किंवा खाली जाणे ही रोजची गोष्ट आहे. पेपर सोपा की अवघड, हा फरक त्यात अजून धरलेलाच नाही.

यातूनच एक फसगत होते. शुक्रवारी ४० मिळाले म्हणून तिने रात्री भूगोलाचे पुस्तक बदलले आणि शनिवारी ४९.५ आले, तर श्रेय नव्या पुस्तकाला जाते. पण फार खाली गेलेल्या गुणांनंतरचा दिवस बहुधा वरच येतो, मधे काहीही केले तरी. क्लासमधले रागावणे, नवे पुस्तक, उशिरापर्यंतचे जागरण, सगळ्यांनाच या आपोआप होणाऱ्या चढाचे श्रेय अधूनमधून फुकटात मिळत असते.

म्हणून तुलना आठवड्याची आठवड्याशी करायची. सहा चाचण्यांची सरासरी एका चाचणीपेक्षा बरीच कमी हलते. तिची सरासरी आली ४७.३. पुढच्या आठवड्यात ४९ आली तर ‘सुधारणा झाली’ असे लगेच म्हणता येत नाही, कारण अशा दोन सरासऱ्यांत तीन गुणांच्या आतबाहेरचा फरक योगायोगानेही पडतो. फरक पाचच्या पुढे गेला किंवा सलग तीन आठवडे एकाच दिशेला राहिला, तर त्यात तथ्य असण्याचा संभव चांगला. सरासरीच्या शेजारी मध्यकही लिहावा. सहा आकडे चढत्या क्रमाने मांडून मधल्या दोघांची सरासरी घेतली की तो मिळतो. तिचा मध्यक आहे ४८.९. तापात दिलेल्या एखाद्या चाचणीने सरासरी ओढली जाते, मध्यक सहसा फारसा हलत नाही.

पण गुण म्हणजे शेवटी गोळाबेरीज. नुसते गुण लिहिणाऱ्याला आलेख मिळतो, उपाय मिळत नाही. खरी माहिती त्या गुणांमागच्या उत्तरांत असते आणि ती चाचणी चालू असतानाच टिपावी लागते. प्रश्नपत्रिकेच्या समासात, उत्तर देता देता, पक्क्या प्रश्नाला बरोबरची खूण, दोन पर्यायांत अडकलेल्याला अर्धी रेघ आणि तुक्क्याला प्रश्नचिन्ह. नंतर आठवून खुणा केल्या तर मन फसवते. उत्तर बरोबर आलेले दिसले, की ‘हे मला येतच होते’ असे वाटू लागते.

आपल्या उमेदवाराने सहा चाचण्यांत मिळून ५१० प्रश्न सोडवले. ३२९ बरोबर आले, १८१ चुकले. खुणांप्रमाणे वेगळे केल्यावर चित्र असे निघाले : पक्के २७०, त्यांत २३५ बरोबर, दोनांत अडकलेले १५०, त्यांत ७५ बरोबर, तुक्के ९०, त्यांत १९ बरोबर.

आता हिशेब करून पाहू. दोनांत अडकलेल्या प्रश्नांनी ७५ गुण दिले आणि पावणेएकोणीस कापले, म्हणजे हाती सव्वाछप्पन्न उरले. पाव गुणाच्या कपातीच्या भीतीने हे प्रश्न सोडून देणे मोठी चूक ठरली असती. तुक्क्यांचा हिशेब उलट निघाला. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तर चारांत एक बरोबर येते आणि पाव गुणाच्या कपातीत किंचित फायदा उरतो. नफा-तोट्याची सीमा पाचांत एक, म्हणजे २० टक्के. तिचे ९० पैकी १९ आले, जेमतेम २१ टक्के. आठवडाभरातल्या ९० तुक्क्यांनी मिळून दिला अवघा सव्वा गुण. डोळे मिटून येणाऱ्या २५ टक्क्यांपेक्षा हे प्रमाण कमी दिसते. त्यात योगायोगाचा भाग असेल, पण चुकीचे पर्याय ओळखीचे वाटावेत असेच रचलेले असतात, हेही लक्षात ठेवावे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्व परीक्षेत एक तृतीयांश गुण कापले जातात. तिथे याच तुक्क्यांनी तोटाच केला असता.

तुक्क्यांची खरी किंमत मात्र गुणांत नव्हती, वेळेत होती. असा प्रश्न वाचून, थोडे घुटमळून खूण करण्यात वीस-पंचवीस सेकंद जातात. एका चाचणीत पंधरा तुक्के धरले तर पाच-सहा मिनिटे. दुसरीकडे ९० प्रश्न कोरे राहिले होते आणि विषयवार पाहिले तर त्यांतले ४१ गणित-बुद्धिमापनाचे निघाले. चाचणीगणिक या विषयाचे १५ प्रश्न धरले तर आठवड्याचे होतात ९०. सोडवलेल्या ४९ पैकी ४० बरोबर होते. म्हणजे गणित कच्चे नव्हते, गणिताला वेळ उरत नव्हता. नुसत्या गुणांवरून तिने ‘गणित सुधारायला हवे’ असा निष्कर्ष काढून नवा क्लास लावला असता. नोंद सांगत होती की प्रश्न सोडवण्याचा क्रम बदलायला हवा : तुक्के अगदी शेवटी, गणित त्यांच्या आधी.

पुढच्या दोन आठवड्यांत सरासरी ५०.४ आणि ५१.८ झाली, असे धरू. पहिल्या वाढीवर विसंबता आले नसते. पण कोरे राहिलेले गणिताचे प्रश्न ४१ वरून २२ आणि मग १७ वर आले, आणि हा बदल योगायोगाने पडण्यासारखा नाही. गुण डळमळत असताना अशी एखादी नेमकी मोजणी लवकर आणि स्पष्ट बोलते. आठवड्याच्या गोषवाऱ्यात तिला गुणांच्या वरची जागा द्यायला हवी.

राहिले पक्के वाटूनही चुकलेले ३५ प्रश्न. गोषवाऱ्यातला सर्वांत मोलाचा भाग हाच. यांची कारणे त्याच दिवशी, एकेका ओळीत लिहावीत. ‘अयोग्य विधान ओळखा’ असे असताना योग्य विधान निवडले, उत्तरपत्रिकेवर खालच्या ओळीतले वर्तुळ रंगवले, किंवा कलम चुकीचेच पाठ होते. पहिल्या दोहोंवर उपाय वाचण्याच्या आणि रंगवण्याच्या सवयीत आहे, तिसऱ्यावर पुस्तकात. बटरफिल्ड आणि मेटकाफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००१ साली दाखवून दिले, की अगदी खात्रीने दिलेले उत्तर चुकले आणि योग्य उत्तर लगेच कळले, तर अशी चूक डळमळीत चुकीपेक्षा सहज दुरुस्त होते. धक्का बसतो आणि लक्ष वेधले जाते. पण त्यासाठी चूक डोळ्यांपुढे यायला हवी. चाचणीला एक तास दिला तर तपासणीला दीड तास लागतो. तेवढा वेळ रोज निघत नसेल तर आठवड्याला चारच चाचण्या द्याव्यात. न तपासलेल्या सहापेक्षा त्या नक्कीच बऱ्या.

ही नोंद वहीत ठेवता येते किंवा मोबाइलवरच्या साध्या शीटमध्ये. D रकान्यात बरोबर, E मध्ये चूक आणि F मध्ये गुण ठेवले तर दोन सूत्रे पुरतात. पहिले एका दिवसाचे गुण काढते, दुसरे आठवड्याचा मध्यक :

```
=D2-E2/4
=MEDIAN(F2:F7)
```

पथ्य एकच, एका रकान्यात एकाच जातीच्या चाचण्या. नुसत्या इतिहासाची घटक चाचणी आणि पूर्ण चाचणी एकाच आलेखात टाकली, की चढउतार दिसतात पण त्यांना अर्थ राहत नाही. मधेच दुसऱ्या क्लासची टेस्ट सिरीज घेतली तर नवा आलेख सुरू करावा, कारण एका क्लासचे ४८ आणि दुसऱ्याचे ४८ यांत बरेच अंतर असू शकते. चाचणी देणाऱ्या सगळ्यांची सरासरी मिळत असेल तर आपण तिच्या किती वर वा खाली आहोत तेही लिहावे. पेपर अवघड होता की आपण घसरलो, हे त्यातून उलगडते.

याच कारणाने क्लासच्या आलेखावर मागच्या वर्षीच्या कट ऑफची रेघ ओढू नये. कट ऑफ आयोगाच्या पेपरचा असतो आणि जागांची संख्या, प्रवर्ग, पेपरची काठिण्यपातळी यांनुसार दर वर्षी बदलतो. आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि अंतिम उत्तरतालिका संकेतस्थळावर मिळतात. त्यांतल्या दोन-तीन न बघता शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवाव्यात, कारण आधी वाचलेल्या पेपरचे गुण आठवणीने फुगतात. त्या घड्याळ लावून सोडवायच्या, आयोगाने रद्द केलेले प्रश्न वगळून तपासायच्या आणि त्याच आठवड्याच्या क्लासच्या मध्यकाशी ताडायच्या. क्लासचा मध्यक ५१ आणि आयोगाच्या तीन पेपरांत ५५, ५८, ५६ आले, तर ती टेस्ट सिरीज पाचएक गुणांनी कठीण आहे असे धरून पुढचे आकडे वाचता येतात. एकाच पेपरवरून मात्र हा फरक ठरवू नये, कारण तोही चार-पाच गुण इकडे-तिकडे होऊ शकतो.