स्वेटरचे खांदे का लोंबतात?

हँगरवर महिनाभर टांगलेला स्वेटर उतरवून पाहा. खांद्यांवर दोन उंचवटे आलेले दिसतील आणि लांबीही थोडी वाढलेली असेल. स्वेटर म्हणजे एकमेकांत अडकवलेल्या टाक्यांची साखळी. स्वतःच्याच वजनाने प्रत्येक टाका ओढला जातो. म्हणून त्याची घडीच घालावी, आणि जड स्वेटर चळतीत सगळ्यात खाली ठेवावा.

शर्टाचं कापड मागावरचं. उभे-आडवे धागे एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे तो टांगला तरी सहसा ताणत नाही. फक्त हँगर खांद्याच्या शिवणीपर्यंत पोचेल इतका रुंद हवा आणि वरचं बटण लावलेलं हवं.

खरी पंचाईत पैठणीची. टांगली तर जरीच्या पदराचं वजन रेशमाला ओढतं. एकाच घडीत वर्षानुवर्षं राहिली तर घडीच्या रेघेवर जर तुटते, रेशीम चिरतं. मला घडीच बरी वाटते, पण धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, आणि दर तीन-चार महिन्यांनी रेघांच्या जागा बदलून. या वेळी चार पदरी घडी असेल, तर पुढच्या वेळी तीन पदरी. रेशमी कुर्ता मात्र हलका. त्याला कापड गुंडाळलेला जाड हँगर चालतो.