ना-हरकत मिळते, हजेरी मिळत नाही

सत्र सुरू असताना इंटर्नशिप मिळाली की कंपनी कॉलेजची एनओसी, म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र मागते. आपण घेतोय तो मुलगा किंवा मुलगी परीक्षा, प्रात्यक्षिकं सांगून मधूनच निघून जाणार नाही, आणि त्याच्या किंवा तिच्या येण्याची कॉलेजला कल्पना आहे, एवढी खात्री तिला हवी असते. विद्यार्थ्यांना मात्र वाटतं, एनओसी मिळाली म्हणजे वर्गाला न जाण्याची परवानगी मिळाली. गोंधळ इथूनच सुरू होतो. एनओसी हा कॉलेजने कंपनीला दिलेला कागद असतो. हजेरीचा हिशेब विद्यार्थी आणि विद्यापीठ यांच्यातला असतो आणि त्याला एनओसी हात लावत नाही. म्हणून अर्जात दोन मागण्या वेगवेगळ्या करायला हव्यात: एक प्रमाणपत्राची, दुसरी बुडणाऱ्या तासांच्या सोयीची.

समजा, तिसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग करणाऱ्या एका विद्यार्थिनीला पुण्यातल्या कंपनीत फेब्रुवारी आणि मार्चमध्ये काम मिळालं आहे. कंपनीला ती गुरुवार आणि शुक्रवार असे दोन दिवस हवी आहे. अर्ज लिहिण्याआधी तिने वेळापत्रक समोर घ्यावं. एका विषयाचे आठवड्याला चार तास आणि सत्र बारा आठवड्यांचं, म्हणजे एकूण ४८ तास. ७५ टक्के हजेरीची अट धरली तर ३६ तास भरायला हवेत. त्या विषयाचा एक तास गुरुवारी आणि एक शुक्रवारी असेल, तर आठ आठवड्यांत १६ तास बुडतील. उरले ३२, म्हणजे जेमतेम ६७ टक्के. एकही दिवस आजारी न पडता ती अटीत बसत नाही. पण कंपनीने शुक्रवार आणि सुट्टीचा शनिवार मान्य केला, तर आठच तास बुडतात आणि हजेरी ८३ टक्क्यांवर राहते. हा हिशेब प्रत्येक विषयाचा वेगळा करायचा, कारण बहुतेक ठिकाणी अट विषयवार लागते. हिशेब बसल्यावर आधी कंपनीशी दिवस ठरवायचे आणि मगच अर्ज लिहायचा.

राहिलं शुक्रवार दुपारचं प्रात्यक्षिक. प्रयोगशाळेत एकाच वर्गाच्या बॅचेस वेगवेगळ्या दिवशी येतात, त्यामुळे दुसऱ्या बॅचबरोबर बसण्याची सोय मागता येते. त्या विषयाच्या शिक्षकांना आधी विचारून घेतलं, की अर्जात ते ठामपणे लिहिता येतं.

अर्ज प्राचार्यांच्या नावे आणि विभागप्रमुखांमार्फत करायचा. मजकूर असा असू शकतो:

‘मी तृतीय वर्ष संगणक अभियांत्रिकी, ‘ब’ तुकडीची विद्यार्थिनी आहे. सोबत जोडलेल्या पत्रानुसार माझी १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात इंटर्नशिपसाठी निवड झाली आहे. काम दर शुक्रवारी आणि शनिवारी कंपनीच्या कार्यालयात आहे. या काळात प्रत्येक विषयात माझी हजेरी ७५ टक्क्यांवर राहील. तक्ता सोबत जोडला आहे. शुक्रवारचे प्रात्यक्षिक मंगळवारच्या बॅचबरोबर करण्यास विषय शिक्षकांनी संमती दिली आहे. अंतर्गत परीक्षांच्या दिवशी मी कॉलेजात हजर राहीन. तरी कंपनीच्या नावे ना-हरकत प्रमाणपत्र द्यावे आणि प्रात्यक्षिकाच्या बदलास मंजुरी द्यावी, ही विनंती.’

खाली रोल नंबर, पीआरएन, कंपनीचा पत्ता आणि तिथल्या संपर्क व्यक्तीचं नाव. सोबत कंपनीचं पत्र, हजेरीचा तक्ता, आणि कॉलेज मागत असेल तर पालकांचं संमतिपत्र.

अर्ज अडकतो तो बहुधा तारखांवर. ‘काही महिन्यांसाठी’ असं लिहिलेल्या अर्जावर विभागप्रमुख सही करायला कचरतात, कारण परीक्षा त्यात येते की नाही हे त्यांना कळत नाही. दुसरी अडचण अशी की कंपनी म्हणते एनओसीशिवाय ऑफर लेटर नाही, आणि कॉलेज म्हणतं ऑफर लेटरशिवाय एनओसी नाही. अशा वेळी तारखा, दिवस आणि ‘एनओसी मिळाल्यावर रुजू करून घेऊ’ असं नमूद केलेला कंपनीचा ईमेल मागवून घ्यावा आणि प्लेसमेंट विभागाला दाखवावा. बहुतेकदा तेवढ्यावर काम होतं.

अर्ज कार्यालयात देताना दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. प्रमाणपत्र हाती आल्यावर तारखा आणि शेवटची ओळ नीट वाचावी. तिथे बहुधा असं असतं: ‘हजेरी व परीक्षेची जबाबदारी विद्यार्थ्याची राहील.’ ही ओळ आहे म्हणून घाबरायचं कारण नाही, पण तिच्यामुळे प्रात्यक्षिकाच्या बदलाची मंजुरी वेगळ्या कागदावर, सहीनिशी घेणं भाग पडतं. सत्राअखेरीस टर्मवर्कच्या गुणांचा प्रश्न निघतो तेव्हा एनओसी कंपनीच्या फाइलमध्ये असते. विद्यार्थिनीच्या बाजूने बोलतो तो हा दुसरा कागद.