शटर खाली ओढल्यावर पहिला फोन कुणाला?

भोसरीत मिठाईचे खोके बनवणारं एक छोटं युनिट डोळ्यांसमोर आणा. पाच-सहा कामगार, एक पंचिंग मशीन, एक ऑफसेट प्रिंटरवाला नेहमीचा, पंचवीस-तीस मिठाईवाले गिऱ्हाईक. त्यातल्या दोन मोठ्या गिऱ्हाइकांनी काम दुसरीकडे वळवलं, कागदाचा भाव चढला आणि दोन दिवाळ्या तोट्यात गेल्यावर मालकाने धंदा बंद केला. नावं काल्पनिकही देण्याची गरज नाही, असं युनिट प्रत्येक औद्योगिक वसाहतीत सापडतं. प्रश्न पुढचा आहे. बारा-पंधरा वर्षांत जमवलेली माणसं फोनमध्ये आहेत, आणि मालक त्यातल्या कुणालाच फोन करत नाही. लग्नाकार्यात जाणं टाळतो. कुणी विचारलं तर "चाललंय थोडं स्लो" म्हणतो.

या गप्प राहण्याची किंमत रोख पैशांत मोजावी लागते. कागदाच्या डीलरकडे पुढच्या तारखेचे चेक दिलेले असतात. मालक लाजेने बोलला नाही, तर डीलर ठरल्या तारखेला चेक भरतो. तो परत गेला की डीलर नोटीस पाठवतो, आणि नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे दिले नाहीत तर कलम 138 खाली फौजदारी खटला उभा राहू शकतो. करंट खातं आधीच बंद करून टाकलं म्हणून सुटका होत नाही. खातं बंद असल्यामुळे परत गेलेला चेकही याच कलमात येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. म्हणून कामगारांना सांगून झालं की पहिला फोन ज्यांचं देणं आहे त्यांना. तोही चेकच्या तारखेआधी, आणि पाळता येईल तेवढाच शब्द देऊन: "इतके आत्ता देतो, बाकीचे मशीन विकलं की."

येणं वसूल करताना क्रम उलटा असतो. धंदा बंद झाल्याचं कळलं की उधारी बुडवू पाहणारे सैल पडतात, कारण उद्या खोके थांबतील ही भीती उरत नाही. तेव्हा बातमी पसरण्याआधी प्रत्येक गिऱ्हाइकाला खात्याचा उतारा पाठवून बाकीवर सही घेतलेली बरी. यात लपवाछपवी कसलीच नाही, हिशेब आहे.

भागीदारी असेल तर कायदाच बोलायला लावतो. 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार फर्म विसर्जित झाल्याची जाहीर नोटीस दिली जात नाही, तोवर भागीदाराने फर्मच्या नावावर केलेल्या व्यवहाराला बाकीचे भागीदारही बाहेरच्या माणसाला बांधील राहतात. नोंदणीकृत फर्मची ही नोटीस रजिस्ट्रारकडे, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या किमान एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात द्यावी लागते. मराठी दैनिकांच्या आतल्या पानांवर अशा चौकटी दिसतात त्या यासाठीच. वर्षानुवर्षं लोक धंदा बंद केल्याचं छापून सांगत आले आहेत, आणि ते वाचून कुणी कुणाला नावं ठेवल्याचं ऐकिवात नाही.

देण्याघेण्याचं मार्गी लागलं की पुढचं काम शोधायचं, आणि इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. ते भाऊ, मेहुणा, शाळेतला जिवलग मित्र यांच्याकडे जातात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं होतं, की ज्या माणसाकडून कामाची माहिती मिळाली तो तुम्हाला कितीदा भेटायचा? 1973 मध्ये त्यांनी उत्तरं छापली. सहांत जेमतेम एकाला ती रोजच्या उठण्याबसण्यातल्या माणसाकडून कळली होती. उरलेल्या पाचांना ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून मिळाली. कारण सरळ आहे. जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. लांबच्या ओळखीची ऊठबस दुसऱ्याच लोकांत असते.

खोकेवाल्याच्या बाबतीत ही लांबची माणसं म्हणजे शाईचा विक्रेता, डाय बनवणारा, टेम्पोवाला, सीए आणि एका औषध कंपनीचा खरेदी अधिकारी, ज्याला दोन वर्षांपूर्वी एकदा कोटेशन दिलं होतं. शाईवाला रोज आठ-दहा छापखान्यांत जातो. कुठल्या कारखान्याचा पॅकेजिंग सुपरवायझर सोडून गेला, हे मेहुण्याला कधीच कळणार नाही. शाईवाल्याला त्याच आठवड्यात कळतं.

तरी बोट फोनवर अडतं, आणि ते सगळ्यांचंच अडतं. लारा अॅक्निन आणि गिलियन सँडस्ट्रॉम या मानसशास्त्रज्ञांनी 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना संपर्क तुटलेल्या मित्राला निरोप लिहायला वेळ दिला. नंबर होता, इच्छा होती, समोरच्याला आवडेल अशी खात्रीही होती. तरीही एक तृतीयांशाहून कमी लोकांनी निरोप पाठवला. ज्यांना आधी काही मिनिटं नेहमीच्या माणसांना निरोप पाठवायला सांगितलं, त्यांच्यातल्या मात्र निम्म्याहून अधिक लोकांनी तो पाठवला. हे घरी सहज करता येतं: सकाळी दोन-तीन रोजच्या लोकांशी बोलून घ्यायचं आणि त्याच बैठकीत शाईवाल्याला लिहायचं.

लिहायचं काय? "सध्या थोडा ब्रेक घेतलाय, काही असेल तर कळव" हा निरोप निरुपयोगी आहे. वाचणाऱ्याला ना धंद्याचं कळतं, ना आपण काय करायचं ते. उपयोगी निरोप असा असेल:

"नमस्कार शिंदेसाहेब. मार्चअखेर खोक्यांचं युनिट बंद केलं. दोन मोठी गिऱ्हाइकं गेली आणि कागदाच्या भावात परवडेना. सगळ्यांची देणी ठरल्याप्रमाणे चालू आहेत. आता मी पॅकेजिंगमध्ये खरेदी किंवा प्रॉडक्शनचं काम शोधतोय. कागदाची पारख, पंचिंग, रेट काढणं हे सगळं हाताने केलंय. चाकण-तळेगाव भागात तुम्ही जाता तिथे कुणाला माणूस हवा असेल, तर फक्त नाव सांगा, फोन मी करेन."

कारण एका ओळीत, रडगाणं नाही, भागीदारावर खापर नाही. देण्यांचा उल्लेख मुद्दाम आहे, कारण बाजारात पहिला प्रश्न तोच विचारला जातो. अर्थात तो खरा असेल तरच लिहायचा. शाईवाला आणि कागदवाला एकाच चहाच्या टपरीवर भेटतात. आणि मागणं छोटं आहे. "नोकरी बघा" म्हटलं की समोरच्यावर ओझं पडतं, एखादं नाव सांगणं कुणालाही जमतं.

हाच मजकूर व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्टवर टाकायचा मोह होतो. ब्रॉडकास्ट ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोहोचतो, आणि लांबच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी तो केलेला नसतो. म्हणजे ज्यांच्यापर्यंत जायला हवं, नेमके तेच सुटतात. रोज चार-पाच जणांना नावाने लिहावं, वहीत तारीख आणि उत्तर टिपावं. उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करावी, मग सोडून द्यावं. काही जण खरंच टाळतील. ज्याचं देणं थकलंय, त्याच्याकडे मात्र काम मागायला जाऊ नये. आधी पैसे, मग बाकीचं.

मिठाईवाल्यांकडे तर निरोपाऐवजी स्वतःच जाण्याचं कारण हातात असतं. प्रत्येकाच्या खोक्याची डाय त्याच्याच पैशांनी बनवलेली असते आणि ती पडून असते खोकेवाल्याकडे. ती पुसून, दुकानाच्या नावाची चिठ्ठी लावून परत न्यायची. छपाईची फाइल पेनड्राइव्हवर द्यायची आणि श्रावणाच्या आधी माल देऊ शकेल अशा दुसऱ्या खोकेवाल्याचा नंबर द्यायचा. मिठाईवाल्याचा सणासुदीचा घोर मिटतो. गल्ल्यावर बसल्या बसल्या तो स्वतःहूनच विचारतो, "मग आता तुम्ही काय करणार?" तेव्हा वरचाच मजकूर तोंडी सांगायचा.