पॉलिसीवरची चुकलेली जन्मतारीख आणि विम्याचा हप्ता

आयुर्विम्याचा हप्ता ठरवताना पहिला प्रश्न वयाचा असतो. वय वाढते तशी मृत्यूची शक्यता वाढते आणि हप्ताही चढत जातो. त्यामुळे पॉलिसीवर जन्मतारीख चुकीची पडली, तर तो केवळ अक्षरांचा घोळ राहत नाही, पहिल्या दिवसापासून आकारलेला हप्ताही चुकलेला असू शकतो. ही तारीख दुरुस्त करून घेण्यासाठी विमा कार्यालयाला एक पत्र द्यावे लागते. त्या पत्रात काय असावे आणि ते दिल्यावर हप्त्याचे काय होते, हे कळण्यासाठी आधी विम्यात वय कसे मोजतात ते पाहावे लागते.

विम्यातले वय

रोजच्या बोलण्यात आपण पूर्ण झालेली वर्षे सांगतो. विम्यात वय मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. काही योजनांत शेवटच्या वाढदिवसाला पूर्ण झालेले वय धरतात. आयुर्विमा महामंडळाच्या अनेक योजनांत मात्र जवळच्या वाढदिवसाचे वय धरले जाते. म्हणजे पॉलिसी सुरू झाली त्या दिवशी मागचा वाढदिवस होऊन सहा महिन्यांहून अधिक काळ गेला असेल, तर पुढच्या वाढदिवसाचे वय लागते. कोणती पद्धत लागू आहे, हे योजनेच्या माहितीपत्रकात आणि अटींत लिहिलेले असते.

दोन्ही पद्धतींत वय पॉलिसी सुरू झालेल्या तारखेला मोजतात, आजच्या तारखेला नव्हे. म्हणूनच दहा वर्षांनी चूक सापडली तरी हिशेब सुरुवातीपासून मांडला जातो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. विमाधारकाची खरी जन्मतारीख ११ मे १९८२ आहे. अर्जावर दिवस आणि महिना उलटा वाचला गेला आणि ११/०५ ऐवजी ०५/११, म्हणजे ५ नोव्हेंबर १९८२ अशी नोंद झाली. वर्ष तेच, फरक जेमतेम सहा महिन्यांचा. पॉलिसी २० डिसेंबर २०१५ रोजी सुरू झाली. नोंदलेल्या तारखेप्रमाणे त्या दिवशी ३३ वर्षे पूर्ण होऊन दीड महिना झाला होता, म्हणून वय ३३ धरले गेले. खऱ्या तारखेप्रमाणे ३३ वर्षांवर सात महिने उलटले होते, म्हणून जवळच्या वाढदिवसाचे वय ३४ होते. सहा महिन्यांच्या चुकीने हप्त्याच्या कोष्टकात एका वर्षाचा फरक पडला.

हीच पॉलिसी १ ऑगस्ट २०१५ रोजी सुरू झाली असती, तर काय झाले असते? नोंदलेल्या तारखेने ३२ वर्षे आणि जवळजवळ नऊ महिने, म्हणजे ३३. खऱ्या तारखेने ३३ वर्षे आणि जवळजवळ तीन महिने, म्हणजे पुन्हा ३३. जन्मतारीख चुकली, पण हप्त्यात एक पैचाही फरक नाही. पूर्ण वय धरणाऱ्या योजनेत नेमके उलटे घडते. डिसेंबरच्या पॉलिसीत दोन्ही तारखांनी वय ३३ येते आणि ऑगस्टच्या पॉलिसीत ३२ विरुद्ध ३३. तेव्हा पत्र देण्याआधी पॉलिसी सुरू झाल्याची तारीख आणि मोजणीची पद्धत पाहून हा हिशेब घरीच मांडता येतो.

चूक कुठे झाली

दुरुस्ती किती सोपी जाईल, हे चूक कोठून आली यावर ठरते. अर्जात आणि जोडलेल्या पुराव्यात तारीख बरोबर असून कार्यालयात नोंद करताना ती चुकली असेल, तर काम सर्वांत सोपे. कार्यालयाच्या फाइलमधला अर्जच पुरावा ठरतो. अर्जाची प्रत बहुधा पॉलिसीच्या कागदांसोबत दिलेली असते, ती आधी काढून पाहावी.

अर्जातच चूक असेल, तर वयाचा भक्कम पुरावा नव्याने द्यावा लागतो. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र, पासपोर्ट, सरकारी नोकरीतील सेवापुस्तकाचा उतारा हे पुरावे भक्कम मानले जातात. जन्मपत्रिका किंवा विमाधारकाने स्वतः केलेले निवेदन यांना दुय्यम स्थान आहे. पत्रिकेच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री. मध्यरात्रीनंतर पहाटे झालेल्या जन्माची नोंद म्हणून कधीकधी एक दिवस मागची सापडते. आधार कार्डावरची तारीखही पुरेशी समजू नये. अपघात भरपाईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये वय ठरवण्यासाठी आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला होता.

सर्वांत अवघड असते तिसऱ्या प्रकारची चूक, जिथे मूळ पुरावाच चुकीचा असतो. महाराष्ट्रात जुन्या पिढीतल्या असंख्य माणसांचा जन्म कागदावर १ जूनला झालेला आहे. जन्माची नोंद नसलेल्या मुलाला शाळेत घालताना गुरुजींनी वर्ष अंदाजाने धरून ही तारीख टाकलेली असे. अशा दाखल्यावर एकदा वय मान्य झाले आणि पुढे नगरपालिकेचा वेगळ्या तारखेचा जन्मदाखला हाती आला, तर कार्यालय दोन्ही पुरावे समोरासमोर ठेवते आणि फरकाचे कारण विचारते. जन्माच्या वेळीच झालेली नोंद अशा वेळी अधिक वजनदार ठरते, अलीकडे काढून घेतलेल्या नोंदीकडे संशयाने पाहिले जाते.

पत्राचा मजकूर

पत्र ज्या शाखेत पॉलिसीची सेवा दिली जाते, तिच्या व्यवस्थापकाच्या नावे लिहावे. मजकूर थोडक्यात असावा. दोन्ही तारखा, चुकीचे कारण, जोडलेला पुरावा आणि फरक भरण्याची तयारी एवढे त्यात स्पष्ट आले म्हणजे पुरे. वरच्या उदाहरणातील पत्र असे होईल:

> प्रति,
> मा. शाखा व्यवस्थापक, ........ शाखा
>
> विषय : पॉलिसी क्र. ........ वरील जन्मतारखेची दुरुस्ती
>
> महोदय,
>
> वरील पॉलिसी माझ्या नावे असून ती २० डिसेंबर २०१५ पासून चालू आहे. पॉलिसीवर माझी जन्मतारीख ५ नोव्हेंबर १९८२ अशी नोंदली गेली आहे. माझी खरी जन्मतारीख ११ मे १९८२ आहे. अर्ज भरताना दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाल्याने ही चूक झाली.
>
> पुराव्यादाखल जन्मदाखल्याची स्वसाक्षांकित प्रत जोडली आहे. मूळ दाखला पडताळणीसाठी दाखवण्यात येईल. पृष्ठांकनासाठी मूळ पॉलिसीही सोबत देत आहे.
>
> योग्य वयाप्रमाणे हप्त्यात फरक पडत असल्यास त्याचा व्याजासह तपशील लेखी कळवावा. नियमाप्रमाणे येणारी रक्कम भरण्यास मी तयार आहे. दुरुस्तीची नोंद पॉलिसीवर करून सुधारित हप्ता कळवावा, ही विनंती.
>
> आपला विश्वासू,
> (सही, नाव, पत्ता, दूरध्वनी)

तारखेतला महिना अक्षरांत लिहिलेला बरा. आकड्यांत लिहिले तर जी चूक दुरुस्त करायची तीच पुन्हा होण्याची भीती असते. एकाच नावावर अनेक पॉलिसी असतील, तर सगळ्यांचे क्रमांक पत्रात द्यावेत, नाहीतर एका पॉलिसीवर एक तारीख आणि दुसरीवर दुसरी असा नवाच गोंधळ उभा राहतो. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी आणि मूळ पॉलिसी दिल्याचा उल्लेख त्या पोचेत येऊ द्यावा.

हप्त्याचा हिशेब

खरे वय नोंदलेल्या वयापेक्षा जास्त निघाले, तर योग्य वयाचा हप्ता पॉलिसी सुरू झाल्यापासून लागू होतो. आधीच्या हप्त्यांतली तूट व्याजासह भरावी लागते. समजा, ५ लाखांच्या विम्याला ३३ व्या वर्षी वार्षिक हप्ता २५,१०० रुपये आणि ३४ व्या वर्षी २५,३५० रुपये आहे. हे आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत. फरक वर्षाला २५० रुपये. डिसेंबर २०१५ पासून डिसेंबर २०२५ पर्यंत ११ हप्ते भरले गेले, म्हणजे तूट २,७५० रुपये. पहिल्या हप्त्याच्या तुटीवर दहा वर्षांचे, दुसऱ्यावर नऊ वर्षांचे असे उतरत्या क्रमाने व्याज लागते. सरळव्याजाने ९ टक्के धरले तर ते सुमारे १,२३८ रुपये होते. एकूण भरणा ३,९८८ रुपयांच्या आसपास जातो. प्रत्यक्षात व्याजाचा दर कंपनी ठरवते आणि व्याज चक्रवाढ असेल तर रक्कम थोडी वाढते.

बचतीच्या योजनेत हा फरक छोटा दिसतो, कारण हप्त्याचा मोठा भाग बचतीकडे जातो. निव्वळ मुदत विम्यात सगळा हप्ता जोखमीसाठीच असतो, त्यामुळे तेथे एका वर्षाचा फरक हप्त्याच्या मानाने बराच मोठा असतो आणि वय वाढेल तसा तो आणखी वाढतो.

खरे वय कमी निघाले, तर पुढचा हप्ता उतरतो आणि जास्त भरलेली रक्कम परत मिळू शकते. मात्र तिच्यावर सहसा व्याज मिळत नाही. तूट व्याजासह भरायची आणि जादा रक्कम बिनव्याजी परत घ्यायची, ही तफावत पॉलिसीच्या अटींतच असते.

तिसरी शक्यता गंभीर आहे. खऱ्या वयाने विमाधारक योजनेच्या प्रवेशवयाच्या मर्यादेबाहेर जात असेल, तर केवळ हप्ता बदलून भागत नाही. त्या वयाला मिळू शकणाऱ्या दुसऱ्या योजनेत पॉलिसी बदलली जाते आणि तेही शक्य नसेल तर ती रद्द होऊ शकते.

कायद्यातली तरतूद

विमा कायदा, १९३८ च्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षे झाल्यावर पॉलिसीला कोणत्याही कारणाने आव्हान देता येत नाही. त्यामुळे जुन्या पॉलिसीतली चुकीची तारीख आता कोणी विचारणार नाही, असा समज होतो. तो चुकीचा आहे. वयाचा पुरावा केव्हाही मागण्याचा कंपनीचा अधिकार याच कलमात राखून ठेवला आहे आणि वय चुकल्याचे सिद्ध झाल्यावर अटींत केलेला बदल म्हणजे आव्हान नव्हे, असेही त्यात म्हटले आहे. चूक तशीच राहिली, तर ती दाव्याच्या वेळी वर येते. मग तूट आणि तोवरचे व्याज वारसांच्या रकमेतून कापले जाते आणि पुरावे शोधण्याचे कामही त्यांच्याच गळ्यात पडते.

पॉलिसी नवी असेल, तर ती हाती पडल्यापासून ३० दिवसांची मुदत कागद तपासण्यासाठी असते. जन्मतारीख, वय आणि ‘वय मान्य’ हा शेरा पहिल्या पानावरच्या तपशिलात असतो, तो याच काळात पाहून घ्यावा. पत्राला महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. दुरुस्ती झाल्यावर पॉलिसीवरचे पृष्ठांकन आणि पुढच्या पावतीवरचा हप्ता दोन्ही तपासावेत. पावतीवर जुनाच आकडा असेल, तर दुरुस्ती संगणकातल्या नोंदीपर्यंत पोहोचली नाही असे समजून पुन्हा विचारणा करावी.